आईच्या एफडी, टीडीएस आणि फॉर्म १५जी : माझा अनुभव

आईचं वय ५८, उत्पन्न म्हणजे एफडीचं व्याज आणि खालच्या खोलीचं भाडं. २०२५-२६ साठी एका बँकेत २४ लाख, दुसरीत १२ लाख, दोन्हीकडे ७ टक्के, म्हणजे व्याज १,६८,००० अधिक ८४,०००, एकूण २,५२,०००. साठीच्या आतल्या माणसाला एका बँकेतलं व्याज वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की बँक त्यातून १० टक्के टॅक्स आधीच कापते, तोच टीडीएस, तिला टॅक्स बसतो की नाही याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. म्हणजे आपण गप्प बसलो असतो तर २५,२०० गेले असते.

म्हणून एप्रिलमध्येच १५जी, म्हणजे 'मला टॅक्स बसत नाही, कापू नका' असं बँकेला लिहून द्यायचा फॉर्म, भरायला बसलो. (साठी पूर्ण असेल तर १५एच, तो वेगळा होता.) २०२५-२६ मध्ये १५जीला दोन अटी होत्या, टॅक्स शून्य निघाला पाहिजे आणि शिवाय वर्षभराचं एकूण व्याज मूळ सूटमर्यादेच्या आत पाहिजे, नव्या करपद्धतीत ती ४ लाख होती. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं ऐकून लोक बिनधास्त १५जी द्यायचे, पण ती रिबेट झाली, म्हणजे बसलेला टॅक्स माफ होतो, सूटमर्यादा वाढत नाही, व्याज पाच लाख असेल तर टॅक्स शून्य असूनही १५जी चालत नव्हता. १५एचला ही व्याजाची अट नव्हती.

फॉर्ममध्ये 'प्रीव्हियस इयर' असं छापलं होतं तिथे बरेच जण गेलं वर्ष टाकायचे, पण तिथे चालू वर्षच यायचं, २०२५-२६. मग एक रकाना या बँकेतल्या व्याजाचा आणि दुसरा सगळ्या उत्पन्नाचा. भाडं महिना ८,००० म्हणजे ९६,०००, त्यातून ३० टक्के वजावट जाऊन ६७,२००, ते व्याजात मिळवून ३,१९,२००. दोन्ही बँकांच्या फॉर्मवर हाच आकडा, आणि दुसऱ्या बँकेच्या फॉर्ममध्ये आधी दिलेल्या फॉर्मची संख्या १, रक्कम १,६८,००० असं लिहावं लागलं. खाली एफडी नंबर, पॅन, आईची सही. पोचीवर शिक्का मारून घेतला, काउंटरवरच्या ताई म्हणाल्या "कशाला, सिस्टीममध्ये आहे ना", तरी घेतला.

जूनअखेर पहिल्या बँकेतली ६ लाखांची एफडी मॅच्युअर झाली, नवीन केली तर नंबर बदलला आणि सप्टेंबरच्या १०,५०० व्याजातून १,०५० कापले! त्या बँकेत फॉर्म एफडी नंबरला जोडलेला असतो, नवीन एफडीला परत द्यावा लागतो. दिला, पुढच्या तिमाहीपासून कापणं बंद. पण आधीचे १,०५० बँक परत करत नाही, सरकारकडे जमा झालेले असतात, ते आईच्या नावावर कापलेल्या टॅक्सच्या सरकारी नोंदीत, म्हणजे २६एएस मध्ये दिसतायत, आता रिटर्न भरूनच रिफंड मागायचा.