थप्पीच्या पोटातले तीस कट्टे

अमळनेर भागातल्या एका गोदामात तारण ठेवलेल्या मक्याची मोजणी होती. पन्नास किलोचे कट्टे, एकच थप्पी, रजिस्टरला 490. माझ्यासोबतच्या नव्या मुलाने थप्पीला फेरी मारली आणि आकडा सांगितला : 724. गोदामात कागदापेक्षा 234 कट्टे जास्त निघत नाहीत, त्यामुळे आधी त्याचीच मोजणी तपासायला घेतली.

त्याने समोरच्या बाजूला कट्ट्यांची नऊ तोंडं मोजली होती, कडेच्या बाजूला सहा. नऊ सक चोपन्न, पूर्ण थर तेरा, म्हणजे 702. चौदावा थर अर्धवट होता, त्यात वर चढून एकेक मोजलेले 22. गुणाकार बरोबर होता, पण नऊ आणि सहा हे दोन वेगवेगळ्या थरांतले आकडे होते.

थप्पी कोसळू नये म्हणून हमाल एक थर उभा आणि त्यावरचा आडवा लावतात. हा भरलेला कट्टा साधारण 85 सेंटिमीटर लांब आणि 57 रुंद होता, म्हणजे तीन रुंद्या आणि दोन लांब्या जवळपास सारख्या. पहिल्या थरात कट्ट्यांची तोंडं समोर होती : समोर नऊ तोंडं, तर कडेला लांबीच्या बाजूने फक्त चार कट्टे. दुसऱ्या थरात उलट : समोर लांबीने सहा, आणि कडेला सहा तोंडं. नऊ चोक छत्तीस, सहा सक छत्तीस. दोन्ही थरांत कट्टे तेवढेच. मुलाने दोन्ही बाजूंनी जिथे तोंडं दिसली तीच मोजली, कारण तोंडं डोळ्यात भरतात. त्यामुळे दर थराला अठरा कट्टे फुगले.

मुकादम शांतपणे म्हणाला, "कोपरा धरीसन मोजा, भाऊ." हीच खरी पद्धत. थप्पीच्या कोपऱ्यावर एका थरावर हात ठेवायचा, समोरची संख्या मोजायची, हात न उचलता वळून त्याच थराची कडेची संख्या मोजायची. मग लगेच वरच्या थराचंही तसंच. दोन गुणाकार जुळले नाहीत, तरी घाबरायचं नाही. कट्ट्याचं माप बदललं की उभ्या-आडव्या थरांची संख्या वेगळी येऊ शकते. अशा वेळी दोन्ही प्रकारचे थर वेगवेगळे मोजून बेरीज करायची. थरही कोपऱ्यावरच, दर पाचव्याला खडूची रेघ मारत मोजायचे. थप्पीची उंची मोजून तिला एका कट्ट्याच्या जाडीने भागू नये, कारण खालचे थर वजनाने चेपलेले असतात आणि वरचे फुगलेले.

तेरा थर गुणिले छत्तीस 468, वरचे 22, एकूण 490. रजिस्टरशी तंतोतंत. इथे बरेच जण सही करून निघतात.

पण वरचे 22 मोजताना माथा मधोमध चार बोटं खचलेला दिसला होता. मक्याचे कट्टे बसतात, पण सगळीकडे सारखे बसतात. फक्त मध्येच खड्डा पडत नाही. आणि समोरची संख्या गुणिले कडेची संख्या हा हिशेब, आत सगळं भरलेलं आहे असं गृहीत धरूनच चालतो.

मी दोन मीटरची, टोक बोथट केलेली सळई मागवली. टोकदार सळई कट्टा फाडते. सातव्या थरात, समोरून चौथ्या आणि पाचव्या तोंडाच्या फटीत ती सरळ आत रेटली. साधारण एका कट्ट्याच्या लांबीपर्यंत ती दोन्ही बाजूंनी घासत, जोर लावूनच गेली, आणि मग एकदम मोकळी सरकली, हातातला जोरच निघून गेला. शेजारी पहिल्या-दुसऱ्या तोंडाच्या फटीत मात्र शेवटपर्यंत घासत राहिली. तिसऱ्या थरात, मधल्या फटीतही तशीच घासली. म्हणजे पोकळी मध्ये होती आणि तळापासून नव्हती.

हमाल लावून थप्पी वरून उतरवली. दहाव्या थराखाली लाकडी फळ्या निघाल्या, त्यांच्याखाली चौथ्या ते नवव्या थरापर्यंत विहीर. पाचव्या, सातव्या, नवव्या थरात मधले सहा-सहा कट्टे नव्हते. चौथ्या, सहाव्या, आठव्यात चार-चार. अठरा आणि बारा, तीस. बाहेरचा एकही कट्टा हललेला नव्हता, म्हणून चारही बाजूंनी कितीही वेळा मोजलं असतं तरी 490च आले असते.

सळईलाही मर्यादा आहे. ती जिथे घातली तिथलंच सांगते, म्हणून मी आता दर मोठ्या थप्पीत तिसऱ्या, मधल्या आणि वरून तिसऱ्या थरात, मधोमध आणि दोन्ही टोकांना घालतो. शंका आली तर उतरवून मोजण्याला पर्याय नाही.

त्या दिवशी अहवालात प्रत्यक्ष साठा 460 कट्टे लिहिला, तूट पंधरा क्विंटल, आणि फळ्या ज्या थराखाली सापडल्या त्याची नोंद शेजारी केली.