टाचणी मारलेली चार कोटेशन्स

रबाळे एमआयडीसीतल्या त्या औषध-पॅकिंगच्या कारखान्यात मी चौथ्यांदा गेले होते. गोळ्यांच्या स्ट्रिप तपासणारं कॅमेऱ्याचं यंत्र आम्ही विकायचो. एखादी खाच रिकामी राहिली की ती स्ट्रिप आपोआप बाजूला पडते. तेव्हा हे यंत्र देशात आमच्याशिवाय कुणीच विकत नव्हतं. त्यामुळे भाव आपण म्हणू तो, असं मी धरून चालले होते.

मालकांनी चहा मागवला आणि खणातून टाचणी मारलेले चार कागद काढले. आमचीच कोटेशन्स. जूनचं 12 लाखांचं, सप्टेंबरचं साडेदहाचं, डिसेंबरचं 9 चं, आणि मी नुकतंच दिलेलं फेब्रुवारीचं 8 चं. प्रत्येकावर लाल पेनानं तारीख घातलेली.

"मॅडम, यंत्र मला हवंय. पण तुम्ही दर तिमाहीला खाली येता. मग मी आजच का घेऊ?"

काचेपलीकडे चार बायका ट्यूबलाइटखाली एकेक स्ट्रिप उलटसुलट करून बघत होत्या. यंत्र नसल्यानं मजुरी आणि परत येणारा माल धरून तिमाहीला 50 हजार जातात, हे मालकांनीच सांगितलं. आमचा भाव मात्र तिमाहीला लाख-दीड लाखानं उतरत होता. थांबण्यात त्यांचा सरळ फायदा होता.

उठताना ते म्हणाले, "वर्षभरात कुणालाही स्वस्तात दिलंत तर फरक मला परत द्यायचा, असं लिहून द्या. 8 लाखांना आज घेतो." मला ते अपमानासारखं लागलं.

रबाळे स्टेशनवर गाडीची वाट बघत मी डायरी उघडली. आमचा बेत असा होता: यंत्र आम्हाला 4 लाखांना पडतं. ज्यांना ते 12 लाखांचं वाटतं असे 10 मोठे कारखाने, आणि 6 लाखांच्या वर न जाणारे 20 छोटे. आधी मोठ्यांना 12 ला विकून 80 लाख नफा, मग छोट्यांना 6 ला विकून आणखी 40. एकूण 1 कोटी 20 लाख.

पण पुढच्या तिमाहीत भाव 6 वर येणार हे मोठ्यांना कळलं, तर ते आज साडेसहाच्या वर एक रुपया देणार नाहीत, कारण थांबण्याची किंमत त्यांना 50 हजारच आहे. मग मोठ्यांकडून 25 लाख आणि छोट्यांकडून 40, मिळून 65. म्हणजे छोट्यांना कधीच न विकता फक्त 12 ला विकलं असतं तर मिळाले असते त्या 80 लाखांपेक्षाही कमी! आम्ही स्वतःच्याच पुढच्या भावाशी स्पर्धा करत होतो. त्यात भाव महिन्या-महिन्याला उतरवला तर थांबणं आणखी स्वस्त, आणि आजची किंमत आणखी 6 जवळ.

रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञानं 1972 मध्ये हेच मांडलं होतं, हे मला नंतर वाचनात आलं. अमेरिकेतली सगळी जमीन एकाच मालकाची असेल तर काय, असं त्यानं कल्पून पाहिलं. टिकाऊ वस्तू एकदा विकली की तो ग्राहक संपतो, उरलेल्यांसाठी भाव उतरवण्याचा मोह होतो, आणि ग्राहकाला तो मोह आधीच दिसतो. ग्राहक धीराचे असले आणि भाव झटपट बदलता येत असला, तर किंमत जवळजवळ खर्चापर्यंत घसरते. आमच्याकडे ती 6 वर थांबली असती, कारण त्याहून कमी किमतीचा गिऱ्हाईकच नव्हता. माल मर्यादित असता, किंवा आम्ही यंत्र विकण्याऐवजी भाड्यानं दिलं असतं, तर चित्र वेगळं असतं. भाड्याचं यंत्र आपलंच राहतं, त्यामुळे भाव उतरला की आपलंच भाडं बुडतं.

मग त्या मालकांची अट पुन्हा वाचली. 8 लाखांना 10 यंत्रं विकून लगेच 6 वर आलो, तर छोट्यांकडून 40 लाख मिळतील, पण 20 लाख परत करावे लागतील. वर्षभर थांबलो तर पूर्ण 40. म्हणजे ती अटच आम्हाला भाव धरून ठेवायला लावत होती. आणि वर्षभर थांबण्याचं त्यांचं नुकसान 2 लाख, म्हणून 6 अधिक 2, बरोब्बर 8. त्यांचं गणित माझ्याआधी झालं होतं.

आमचे साहेब ऐकून म्हणाले, "आपणच आपले हात बांधायचे?" मी म्हटलं, हो, आणि 3 वर्षांसाठी बांधले तर 12 सुद्धा मागता येतील. तेवढं धाडस कुणी केलं नाही. 3 वर्षांत दुसरा विक्रेता आला तर काय, ही भीती रास्त होती. एका वर्षाचं कलम मंजूर झालं आणि त्या आठवड्यात रबाळ्याची ऑर्डर आली.

मार्चच्या शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याच्या ताईंचा फोन आला. "मार्चएंडला सहात बसवा ना, मॅडम. माझ्याही मुलींचे डोळे दुखतात हो." त्यांना हवं तेच यंत्र, परवडणारा भावही तोच, आणि तरी मला म्हणावं लागलं, "ताई, पुढच्या फेब्रुवारीनंतर."