बेळगावची जाहिरात बेंगळुरात कशी वाजली?

"सर, माझा कुंदा खाणारी माणसं बेंगळुरात कुठली ओ?" बेळगावातल्या मिठाईवाल्या काकांनी फोनवर नमस्कारही केला नाही. त्यांची तीस सेकंदांची जाहिरात मी गाण्यांच्या अ‍ॅपवर आठवडाभर चालवली होती. एकट्या बेळगावचे श्रोते फार थोडे दिसत होते, म्हणून अख्खं कर्नाटक राज्य आणि मराठी गाणी ऐकणारे असं निवडलं होतं. रिपोर्टात जाहिरात २०,००० वेळा वाजली होती, त्यातली निम्म्याहून जास्त बेंगळुरात.

शहराचा अंदाज बहुतेक वेळा आयपी पत्त्यावरून बांधला जातो. मोबाइल डेटावर तो पत्ता मोबाइल कंपनीच्या गेटवेचा असतो, आणि हे इंटरनेटचं दार दूरच्या शहरात असू शकतं. त्यामुळे खानापुरातला फोन बेंगळुरात दिसू शकतो, आणि कोल्हापूरचं सिम घेतलेला निपाणीकर महाराष्ट्रात. घरच्या वायफायवर अंदाज बरा येतो. सीमाभागात रिपोर्टातल्या शहराच्या रकान्यावर विसंबून पैसे लावू नयेत.

२०,००० म्हणजे माणसंही नव्हेत. एका फोनवर जास्तीत जास्त चार वेळा अशी मर्यादा होती, म्हणजे किमान ५,००० फोन. 'पूर्ण ऐकली' हा आकडाही फुगतो, कारण फुकट ऐकणाऱ्याला जाहिरात सहसा पुढे ढकलता येत नाही. फोन खिशात असला तरी ती पूर्णच वाजते. पॉडकास्टला तर एवढंही कळत नाही. तिथे रूढ नियमानुसार निदान एका मिनिटाचा ऑडिओ उतरला की एक डाउनलोड धरतात. विसाव्या मिनिटाची जाहिरात कानावर पडली का, हे सर्व्हरला ठाऊक नसतं.

खात्रीचं मोजमाप एकच उरलं होतं, जाहिरातीत बोललेला सवलतीचा कोड `KUNDA10`. तो लागलेल्या ऑर्डरी फक्त नऊ. काका म्हणाले, "एवढंच?" मलाही ते पटेना, म्हणून वेबसाइटवाल्याकडून नाकारलेल्या कोडांची यादी मागवली. त्यात तेवीस प्रयत्न होते: `कुंदा१०`, `kunda 10`, `KUNDHA10`. कोड मीच ठरवला होता. कानाने ऐकलेला शब्द लोक आपापल्या स्पेलिंगने टाइप करणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं. बऱ्याच जणांनी कोड सोडून पूर्ण पैसे भरले होते. उशिरापर्यंत बसून त्यांचे पत्ते लावले, तर त्यात बेंगळूरचे सर्वांत जास्त. गाव सोडून नोकरीला गेलेली आपलीच मंडळी! म्हणजे तो रकाना चुकीच्या कारणाने का होईना, थोडासा बरोबर निघाला. बेळगावचे पत्ते दोनच. इथला माणूस कुरियर कशाला मागवेल, चालत काउंटरवर येतो.

म्हणून पुढचे पैसे फक्त पार्सलच्या मालावर लावले. अर्धा किलोचा डबा, कुरियर धरूनही परवडणारा, सणाला परत मागवला जाणारा. काउंटरच्या विक्रीसाठी ऑडिओ नको म्हटलं, त्याला गणपतीतला फलक बरा. नवा कोड नुसता `KUNDA`, देवनागरीत किंवा मध्ये जागा सोडून टाकला तरी चालेल असा. आणि पॉडकास्टसाठी वेगळा `PEDHA`, दोन्हीकडची गिऱ्हाईकं मिसळू नयेत म्हणून.

काकांनी विचारलं, "पेढ्याचं स्पेलिंग तरी सगळ्यांना येतं काय?" मी वेबसाइटवाल्याला `PEDA` पण घालायला सांगितलं.