चिमणीतून जाणारी उष्णता मोजताना: एका कम्बाइन्ड सायकल प्लँटचा हिशोब

आमच्या प्लँटमध्ये एक गॅस टर्बाइन, त्याच्या मागे एक एचआरएसजी, म्हणजे टर्बाइनच्या गरम एक्झॉस्टवर वाफ तयार करणारा बॉयलर, आणि शेवटी वाफेचे टर्बाइन अशी साधी रचना होती. गॅस टर्बाइन १५० मेगावॉट देत होते, एक्झॉस्टचे तापमानही नेहमीचेच होते. तरी वाफेचे टर्बाइन ६४ मेगावॉटवरून साडेएकसष्टवर आले होते. कारण शोधायचे काम माझ्याकडे आले. शिफ्ट इंचार्ज म्हणाले, "आधी कागदावर हीट बॅलन्स कर, मग साइटवर फिर." सॉफ्टवेअर होते, पण ते बाजूला ठेवून मी वहीच उघडली.

सुरुवात इंधनापासून. जळणाऱ्या गॅसमधून टर्बाइनला ४०० मेगावॉट उष्णता मिळते आणि त्यातले १५० मेगावॉट वीज होऊन बाहेर पडतात. म्हणजे कार्यक्षमता साडेसदतीस टक्के. किरकोळ तोटे सोडले तर बाकी सगळे एक्झॉस्टमधून जाते. सेकंदाला ४०० किलो वायू, ५७० अंश सेल्सिअसला. हवेच्या १५ अंशांपासून मोजले तर ही उष्णता साधारण २४४ मेगावॉट भरते. टर्बाइन एकटेच चालवले तर हे सगळे आकाशात जाते. निम्म्याहून जास्त इंधन!

आता या एक्झॉस्टवर वाफ किती होईल? उष्णता २४४ मेगावॉट आहे म्हणून २४४ मेगावॉटची वाफ होईल, असे मुळीच नाही. पाणी आणि वाफ वेगळी होते त्या आमच्या ड्रममध्ये दाब ८० बार. त्या दाबाला पाणी २९५ अंशांना उकळते आणि पूर्ण वाफ होईपर्यंत तापमान तिथून हलत नाही. त्यामुळे इव्हॅपोरेटरमधून, म्हणजे पाणी उकळवणाऱ्या ट्यूबांमधून, बाहेर पडणारा वायू २९५ च्या खाली जाऊच शकत नाही. थोडा वरच राहतो. हा फरक म्हणजे पिंच पॉइंट. आमच्या डिझाइनमध्ये तो १० अंशांचा, म्हणून वायू तिथे ३०५ ला.

सगळा हिशोब या एका बिंदूवर अडतो. ५७० पासून ३०५ पर्यंत वायू उतरला की ११७ मेगावॉटच्या आसपास उष्णता मिळते. उकळत्या पाण्याची ५४० अंशांची वाफ करायला किलोमागे सुमारे २१८० किलोज्यूल लागतात. भागाकार केला की सेकंदाला साडेत्रेपन्न किलो, ताशी सुमारे १९३ टन वाफ. यापेक्षा जास्त वाफ हवी असेल तर पिंच कमी करावा लागतो. त्यासाठी ट्यूब वाढवाव्या लागतात, आणि पिंच शून्याकडे नेऊ लागलो की ट्यूबचे क्षेत्रफळ भरमसाट वाढते.

वाफेचा आकडा ठरला की चिमणीचे तापमान आपोआप ठरते. इतक्याच पाण्याला इकॉनॉमायझरमध्ये ६० अंशांपासून उकळबिंदूपर्यंत न्यायला ५७ मेगावॉट पुरतात, आणि वायू ३०५ वरून १७६ अंशांवर येतो. त्याहून खाली नेण्याइतके पाणीच नसते. वाफ पुढे कंडेन्सरमधल्या ०.०५ बारपर्यंत पसरते आणि पंप, जनरेटर वगैरे वजा जाता ६४ मेगावॉट वीज देते. एकूण २१४, म्हणजे इंधनाच्या साडेत्रेपन्न टक्के. इंधनाचा एक थेंबही न वाढवता सोळा टक्के गुण वर. वाफेची सायकल एकटी पाहिली तर काही फार हुशार नाही; तिला दिलेल्या २४४ पैकी जेमतेम २६ टक्के ती वीज करते. पण तिला मिळालेले सगळे फुकटचे आहे.

डिझाइनचा कागद आणि माझी वही जुळली. मग कंट्रोल रूममधल्या नोंदी. वाफ ताशी १८५ टन, म्हणजे आठ टन कमी. वाफेचा दाब आणि तापमान ठीक, कंडेन्सरचा व्हॅक्यूम ठीक. तेव्हा दोष वाफ तयार होण्यातच आहे.

आमच्याकडे सगळ्यांना पहिला संशय ट्यूबवर बसलेल्या थराचा. एचआरएसजीच्या ट्यूबना पंख असतात आणि गंज, इन्सुलेशनचे तंतू त्यांच्यात अडकतात. हा संशय हिशोबात घालून पाहिला. उष्णता कमी जात असेल तर पिंच वाढणार. समजा १० चा २० अंश झाला. वाफ बरोबर १८५ टनांवर येते! पण मग वायूने कमी उष्णता दिलेली असल्यामुळे चिमणीचे तापमान १७६ वरून १९१ च्या आसपास जायला हवे.

चिमणीवरचा आकडा होता १७५.

म्हणजे ट्यूब निर्दोष. तेवढीच वाफ कमी होण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वायूच कमी येणे. सगळा वायू चार टक्क्यांनी कमी झाला तर वाफही चार टक्क्यांनी कमी होते, आणि वायू व पाणी एकाच प्रमाणात घटल्यामुळे चिमणीचे तापमान जागेवर राहते. गॅस टर्बाइन मात्र नेहमीचाच वायू सोडत होते. मग चार टक्के, म्हणजे सेकंदाला सोळा किलो, वाटेत कुठे जात होते?

वाट एकच होती. गॅस टर्बाइन एकटे चालवता यावे म्हणून एचआरएसजीच्या आधी एक डायव्हर्टर डॅम्पर, म्हणजे वायूची वाट वळवणारे मोठे झडपेसारखे पाते, आणि बायपास चिमणी असते. त्या चिमणीचा थर्मोकपल नेहमी दुर्लक्षित राहतो, कारण ती "बंद" असते. तिथे डॅम्परच्या फटी बंद ठेवायला सोडलेली सीलिंग एअर मिसळूनही तापमान नेहमीपेक्षा बरेच वर होते. पुढच्या शटडाउनमध्ये आत उतरलो तर डॅम्परच्या पात्याच्या एका बाजूचे पातळ स्टीलचे सील वाकून उघडे पडले होते. ५७० अंशांचा वायू रोज त्यावरून वाहतो, वारंवार गरम-थंड होते, त्यामुळे ही जागा अशीच झिजते. सील बदलल्यावर वाफ पुन्हा १९२ टनांच्या आसपास आली. ही गळती अडीच मेगावॉटची होती आणि गॅस टर्बाइनच्या कोणत्याही आकड्यात ती दिसली नसती.

वही उघडीच होती, म्हणून पुढचा प्रश्नही सोडवला: १७६ अंशांचा वायू सोडूनच का द्यायचा? उपाय माहीत असलेलाच, दुसरा कमी दाबाचा ड्रम. ५ बारला पाणी १५२ अंशांना उकळते, म्हणजे जास्त दाबाच्या ड्रमला निरुपयोगी वायूवर इथे वाफ होऊ शकते. सेकंदाला साधारण १२ किलो वाफ, ७ मेगावॉट वीज, आणि चिमणी १०५ अंशांवर. एकूण ५५ टक्क्यांच्या वर. आणखी गरम गॅस टर्बाइन, तीन दाब आणि मध्ये वाफ पुन्हा तापवणे, या वाटेने गेलेल्या फ्रान्समधल्या बुशेन येथील प्लँटने २०१६ मध्ये ६२.२२ टक्क्यांची नोंद केली.

चिमणीचे तापमान १०५ अंशांहून फार खाली नेण्यावर इंधन बंधन घालते. इंधनात गंधक असेल तर थंड ट्यूबवर आम्ल जमते, म्हणून चिमणी गरम ठेवावी लागते. स्वच्छ नैसर्गिक वायूवर फक्त पाणी जमू द्यायचे नसते. त्यासाठी आत येणारे पाणी ६० अंशांचे ठेवतात.

आमच्याकडे तो दुसरा ड्रम झाला नाही. एचआरएसजीच्या मागे ट्यूबना जागा करता आली असती, पण वाफेच्या टर्बाइनला मधल्या टप्प्यावर कमी दाबाची वाफ आत घ्यायचे तोंडच नव्हते. केसिंग आणि रोटर बदलल्याशिवाय ते होत नाही. शिवाय प्रत्येक नव्या ट्यूबच्या रांगेबरोबर वायूला अडथळा वाढतो आणि गॅस टर्बाइन थोडी वीज परत घेते. सात मेगावॉटसाठी अख्खे टर्बाइन उघडायला कोणीच तयार नव्हते, आणि मीही त्यांच्याच बाजूने मत दिले.