आमची वाटचाल: पाणी शून्यावर होतं, तरी ट्यूब थकली होती

आमची फर्म म्हणजे दोन माणसं, मी आणि भाऊ, काम सीटी स्कॅन मशीन तपासायचं. भाऊ आयुष्यभर एक्स-रे मशीन उघडून बसलेला माणूस, त्यांनी पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली, फँटम, म्हणजे रुग्णाच्या जागी लावायचा तपासणीचा नमुना, टेबलावर ठेवायचा नाही, स्टँडला लावायचा, स्पिरिट लेव्हल धरायची आणि लेझरच्या रेघा फँटमवरच्या खुणांवर बसल्याशिवाय स्कॅन मारायचा नाही. दोन-तीन सेंटिमीटर खाली राहिला तरी मध्ये पातळ आणि कडेला जाड असलेल्या बो-टाय फिल्टरमुळे नॉइज, म्हणजे इमेजमधला दाणेदारपणा, वाढलेला दिसतो आणि तुम्ही उगाच मशीनला दोष देत बसता. आमचा 20 सेंमीचा वॉटर फँटम पहिल्या वर्षापासूनचा आहे, बुडबुडा दिसला की भाऊ स्वतः पाणी टॉप-अप करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मधली वर्षं नीट गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते एका सीटीबद्दल.

त्या सेंटरची बेसलाइन होती 120 केव्ही, किरणांचं प्रमाण ठरवणारं सेटिंग 200 एमएएस, नॉइज कमी करणारं इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन बंद, मध्यावर ठरलेल्या मापाचा आरओआय, म्हणजे मोजायचा भाग. पाण्याचा सीटी आकडा, म्हणजे एचयू, 0 च्या आसपास, आणि एसडी, म्हणजे नॉइजचं माप, 4.0. रोजच्या रीडिंगमध्ये 0.1 इकडे तिकडे होणारच. पण आठ महिन्यांत चार्टवरची रेघ हळूहळू 4.1, 4.2 करत 4.4 वर गेली. मशीनची मर्यादा होती 4.6, म्हणजे रोजचा टेस्ट रोज पास. मी रिपोर्टात लिहिलं की पास आहे पण नॉइज एकाच दिशेने सरकतोय, ट्यूबचं आउटपुट मोजा. मालकांना ते आवडलं नाही. दुसऱ्या एका फर्मने सांगितलं की फँटम वाकडा लावला असेल, पाणी शून्यावर आहे ना, मग झालं, आणि एकाच महिन्यात मालकांच्या चारही सेंटरचं काम आमच्या हातून गेलं. आमचं निम्म्याहून जास्त काम तेच होतं. भाऊंनी तीन महिने पगार घेतला नाही, हे मी विसरणार नाही.

पाणी शून्यावर का राहतं हे त्या फर्मला माहीत नसेल असं मला वाटत नाही. एअर कॅलिब्रेशन केलं की मशीन प्रत्येक डिटेक्टरचा मोकळ्या हवेतला आजचा सिग्नल धरतं आणि पुढचं सगळं त्याच्याशी भागतं. ट्यूब कमी किरण देत असली तरी भागाकार तोच येतो, एचयू हलत नाही. फोटॉन मात्र खरंच कमी झालेले असतात आणि ते दिसतं फक्त नॉइजमध्ये.

तिथल्या टेक्निशियन ताई सकाळचं रीडिंग कॉम्प्युटरवर घेऊनही आमच्या ग्राफच्या रजिस्टरमध्ये पेन्सिलने टिंब मारायच्या, आम्ही गेल्यावरही मारत राहिल्या. एक दिवस त्यांचा फोन, "सर, एसडी परत 4.0 आली, ट्यूब तर कुणी बदलली नाही." मी म्हटलं ताई, इमेजच्या कोपऱ्यात एमएएस किती आहे बघा. 240. रोजच्या टेस्टच्या प्रोटोकॉलमध्येच कुणीतरी एमएएस वाढवला होता. नॉइज एमएएसच्या वर्गमुळाच्या उलट चालतो, 200 चे 240 केले की 4.4 चे 4.0 होतात. रेघ जागेवर आली, ट्यूब तशीच.

ताईंनी मालकांना रजिस्टर दाखवलं आणि आम्हाला बोलावणं आलं. प्रोटोकॉल परत 200 वर आणून फँटम तीनदा काढून तीनदा लावला, तिन्ही वेळा 4.4, म्हणजे वाकडेपणाचा मुद्दा तिथेच संपला. मग 16 सेंमीचा अ‍ॅक्रिलिक फँटम लावून किरण मोजणारा पेन्सिल चेंबर मधल्या आणि कडेच्या चार भोकांत घालून मोजलं. स्क्रीनवर CTDIvol, म्हणजे किरणांच्या डोसचा आकडा, 40 मिलिग्रे, आमच्या मीटरवर 33. सुरुवातीला आम्ही मोजलं होतं तेव्हा दोन्हीकडे 40 होते. स्क्रीनवरचा आकडा मोजलेला नसतो, सेटिंगवरून साठवलेल्या टेबलातून काढलेला असतो, ट्यूब म्हातारी झाली तरी तो हलत नाही. 40 ला 33 ने भागून वर्गमूळ काढा, 1.10 येतं, 4.0 चे 4.4. भाऊंनी हा हिशोब मालकांसमोर कागदावर करून दाखवला.

ट्यूब बदलली, 200 वर एसडी 4.0 आली. त्या सेंटरचं काम परत मिळालं, बाकी तीन अजून तिकडेच आहेत, आणि 240 कुणी केले ते आजपर्यंत कुणी कबूल केलेलं नाही.

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, एसडी लिहिताना शेजारी केव्ही, एमएएस आणि इमेज किती धारदार बनवायची ते ठरवणारा कर्नल पण लिहा, प्रोटोकॉलच्या नावावर विसंबू नका. ट्यूब बदलल्यावर नवी बेसलाइन घ्या, पण जुनी रेघ खोडू नका, तारीख टाकून उभी रेघ मारा आणि त्याच कागदावर पुढे चालू ठेवा. ताईंच्या रजिस्टरमध्ये ती उभी रेघ लाल पेनाने मारलेली आहे, शेजारी "नवी ट्यूब, 200" आणि खाली भाऊंची सही.