टँकरच्या खर्चाचा आलेख एप्रिल ते मार्चमध्ये बसवताना

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत खजिनदार झालं की पहिली ओळख टँकरच्या बिलांशीच होते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि ती टँकरवरून तापणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून २०२५ च्या सभेआधी सेक्रेटरी मला म्हणाले, "यंदा आकडे वाचून दाखवू नका. आलेख लावा, लोकांना दिसलं पाहिजे."

आलेख तयारच होता. आधीच्या कमिटीतल्या कुणीतरी एक्सेलमध्ये जानेवारी २०२२ पासूनची बिलं भरून ठेवली होती आणि मार्च २०२५ पर्यंतच्या नोंदींवर पिव्होट टेबल करून खांब काढले होते. खाली लेबलं होती २०२२, २०२३, २०२४, २०२५. अडचण एवढीच, की त्यातला एकही खांब ऑडिट झालेल्या उत्पन्न-खर्च पत्रकाशी जुळत नव्हता. २०२३ च्या खांबावर १४ लाख २० हजार, आणि पत्रकात २०२३-२४ साठी १७ लाख १० हजार. शिवाय २०२५ चा खांब जेमतेम तीन महिन्यांचा. तो बघून कमिटीतले एक काका खूश होऊन म्हणाले, "यंदा टँकर बरेच कमी झाले की!"

सभेत पत्रक प्रत्येकाच्या हातात असतं. भिंतीवर वेगळा आकडा आणि हातात वेगळा, म्हणजे पुढचा तासभर खुलासे देण्यातच गेला असता.

दोष पिव्होट टेबलचा म्हणता येत नाही. तारखेचं फील्ड ओळींमध्ये टाकलं की एक्सेल महिना, तिमाही आणि वर्ष असे गट करून देतं, पण ते सगळे जानेवारीपासून मोजलेले. त्याची पहिली तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, जी आपल्या हिशेबात चौथी. गटांच्या यादीत आर्थिक वर्ष हा पर्यायच नाही. त्यामुळे मूळ तक्त्यातच एक जादा रकाना घालून प्रत्येक नोंदीचं आर्थिक वर्ष लिहावं लागतं आणि पिव्होटमध्ये तारखेऐवजी तो रकाना ओढावा लागतो.

त्यासाठीची युक्ती सोपी आहे. तारीख तीन महिने मागे न्यायची आणि तिचं वर्ष घ्यायचं. मार्च २०२४ तीन महिने मागे गेला की डिसेंबर २०२३ होतो, म्हणजे वर्ष २०२३. एप्रिल २०२४ मागे गेला की जानेवारी २०२४, म्हणजे वर्ष २०२४. मग पुढे जोडाक्षरासारखं पुढचं वर्ष चिकटवायचं:

```
=YEAR(EDATE(B2,-3))&"-"&TEXT(MOD(YEAR(EDATE(B2,-3))+1,100),"00")
```

हे सूत्र खाली ओढलं की `2023-24`, `2024-25` अशी लेबलं मिळतात. तारखेचा चौकोन रिकामा असेल तर `#NUM!` येतं आणि तारीख मजकूर म्हणून बसलेली असेल तर बहुतेक `#VALUE!`. दोन्ही चुका डोळ्यांना लगेच दिसतात, म्हणून त्यांची मला भीती वाटत नाही.

भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. आमचा टँकरवाला महिन्याचं बिल पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देतो. ३ एप्रिलचं बिल ऑफिसात कुणी `03/04/2024` असं भरलं आणि कॉम्प्युटरची तारखेची सेटिंग अमेरिकन असली, तर एक्सेल ती ४ मार्च समजतं. कुठेही लाल खूण नाही, नोंद गुपचूप मागच्या आर्थिक वर्षात. एरवी दिवस आणि महिना उलटा झाला तर बहुतेक वेळा वर्ष तरी तेच राहतं. इथे मात्र नेमकी वर्षाची वेसच ओलांडली जाते. ती पकडायला मी दुसरं छोटं पिव्होट केलं, बेरजेऐवजी नोंदींची संख्या दाखवणारं. महिन्याला एक बिल, म्हणजे प्रत्येक पूर्ण आर्थिक वर्षात बारा नोंदी हव्यात. एका वर्षात तेरा आणि पुढच्यात अकरा दिसले, की मार्च-एप्रिलचे कागद काढून बसायचं.

नोंदी जुळल्या, लेबलं बसली आणि २०२३-२४ चा खांब आला १५ लाख ७० हजारांवर. जुन्या आकड्यापासून इथवरचा हिशेब सरळ होता. १४ लाख २० हजारांतून जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये आलेली १ लाख ६० हजारांची बिलं बाहेर गेली आणि जानेवारी ते मार्च २०२४ मधली ३ लाख १० हजारांची आत आली. पण पत्रकात तर १७ लाख १० हजार होते. अजून १ लाख ४० हजारांचा फरक होताच.

आमच्या अकाउंटंट ताईंना फोन लावला. त्यांना विचारही करावा लागला नाही. "सर, मार्चचं पाणी मार्चमध्येच प्यायलात ना? मग खर्च मार्चचा. बिल एप्रिलमध्ये आलं तरी मी ३१ मार्चला ते आउटस्टँडिंगमध्ये धरते. तुम्ही बिलाची तारीख घेतली असणार."

मी खरंच बिलाची तारीख घेतली होती, कारण तक्त्यात तारखेचा रकाना तोच होता. शेजारी 'कोणत्या महिन्याचं' असा एक रकाना होता, पण त्यात 'मार्च २४', 'Mar', 'मार्च महिना' असं ज्याच्या मनाला येईल तसं लिहिलेलं. त्याच्या जागी मी त्या महिन्याची पहिली तारीख भरली, `01-Mar-2024` अशी, महिना अक्षरांत, म्हणजे उलटापालटीचा प्रश्नच नको. मग सूत्रातला `B2` बदलून `C2` केला. मार्च २०२४ चं २ लाख ६० हजारांचं बिल २०२३-२४ मध्ये आलं आणि मार्च २०२३ चं १ लाख २० हजारांचं आधीच्या वर्षात गेलं. फरक बरोबर १ लाख ४० हजार. खांब १७ लाख १० हजारांवर जाऊन उभा राहिला.

वर्षाचं लेबल बदलणं हे त्यामुळे निम्मंच काम ठरतं. कोणत्या तारखेवर ते लेबल लावायचं, हे हिशेबाच्या पद्धतीवरून ठरवावं लागतं. ज्या सोसायटीत खर्च पैसे दिल्याच्या दिवशी लिहितात, तिथे चेकची तारीखच धरावी लागेल.

मग लेबलाच्या दिसण्याचा मुद्दा आला. कमिटीतला आयटीतला तरुण म्हणाला, "एफवाय २४ लिहा ना, सुटसुटीत." आपल्याकडच्या कंपन्यांत त्याचा अर्थ मार्च २०२४ ला संपलेलं वर्ष असा घेतात खरा, पण आमच्या सभेत बसणाऱ्या निम्म्या लोकांनी तो २०२४ साल असा वाचला असता. म्हणून '२०२३-२४' ठेवलं आणि अक्षाखाली 'आर्थिक वर्ष, एप्रिल ते मार्च' अशी ओळ टाकली. प्राप्तिकराच्या कागदांवर कर निर्धारण वर्ष पाहायची सवय असलेल्यांना २०२४-२५ म्हणजे आदल्या वर्षाचा हिशेब वाटतो. ती ओळ त्यांच्यासाठीही आहे.

जोडवर्षाची एक गंमत जुन्या वह्यांतले आकडे भरताना कळली. एक्सेलमध्ये `2011-12` हाताने टाइप केलं की ते डिसेंबर २०११ होतं! `2008-09` चा सप्टेंबर होतो. बारापर्यंतचा शेवट त्याला महिना वाटतो. `2012-13` पासून पुढे काही त्रास नाही, त्यामुळे हल्लीच्याच वर्षांवर काम करणाऱ्याला हे कधी कळतही नाही. टाइप करण्याआधी रकान्याचं फॉरमॅट `Text` करून ठेवलं की भागतं. सूत्रातून आलेलं लेबल मुळातच मजकूर असल्याने त्याला हा आजार नाही, पण तीच फाइल सीएसव्ही करून पुन्हा उघडली की होतो.

महिनावार आलेखात आणखी एक खोडा होता. पिव्होट टेबल `Jan`, `Feb` ही नावं ओळखतं आणि आपणहून जानेवारी आधी लावतं, म्हणून २०२३-२४ च्या आत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च पहिले आणि एप्रिल चौथा. प्रत्यक्षात हे तीन महिने वर्षाच्या शेवटी येतात. मराठीत नावं लिहिली तर अक्षरक्रमाने लागतात, तेही निरुपयोगी. मी महिन्यापुढे क्रमांक जोडला, '०१ एप्रिल' ते '१२ मार्च'. तो क्रमांक असा निघतो:

```
=TEXT(MOD(MONTH(C2)-4,12)+1,"00")
```

ओळींमध्ये वर आर्थिक वर्ष आणि खाली महिना ठेवला की अक्षावर दोन मजली लेबलं येतात: महिने वर, त्यांच्याखाली वर्ष. सभेपेक्षा कमिटीला हा आलेख जास्त उपयोगी पडला. आमच्याकडे टँकर मार्चमध्ये वाढायला लागतात आणि पाऊस लागेपर्यंत वाढतच राहतात. आर्थिक वर्ष हा उन्हाळा मधोमध चिरतं. मार्च एका वर्षाच्या शेपटाला, एप्रिल आणि मे पुढच्या वर्षाच्या तोंडाला. २०२३-२४ चा खांब उंच होता त्याला मार्च २०२४ मधली लवकर सुरू झालेली ओढ कारण होती, हे वर्षाच्या खांबात दिसत नाही, महिन्यांच्या सलग रेषेत दिसतं. पाण्याचं नियोजन करायला कॅलेंडर वर्ष किंवा सरळ मार्च ते जून असा गटच बरा. पण सभेपुढे पत्रकाशी जुळणारा खांबच लावावा लागतो. आम्ही दोन्ही ठेवले, वेगवेगळ्या पानांवर.

राहिले दोन्ही टोकांचे अर्धवट खांब. २०२१-२२ मध्ये फक्त जानेवारी ते मार्चच्या नोंदी होत्या, तो काढूनच टाकला. चालू २०२५-२६ मध्ये सभेपर्यंत एप्रिल ते ऑगस्टची बिलं हाताशी होती. एकांनी सुचवलं, "पाच महिन्यांचे आहेत ना, बारा महिन्यांच्या हिशेबाने वाढवून दाखवा." पण टँकरचे एप्रिल-मे हे सगळ्यात महागडे महिने याच पाचांत येतात. तसं वाढवलं असतं तर वर्षाचा खर्च आहे त्याहून कितीतरी फुगलेला दिसला असता. शेवटी तो खांब लावला नाही. त्याऐवजी खाली चार ओळींचा तक्ता दिला, प्रत्येक वर्षाच्या फक्त एप्रिल ते ऑगस्टचा. सभेत सगळ्यात जास्त प्रश्न त्या तक्त्यावरच आले, पण आकडा चुकला असं मात्र कुणी म्हणालं नाही.