तुम्ही विचारलंत म्हणून: गेमसाठी पॉवर बँक कोणती घ्यायची?

"भाऊ, लाइट गेली की गेम अर्ध्यात राहतो. पॉवर बँक दहा हजारवाली घेऊ का वीस हजारवाली? वॅट किती पाहिजे? आणि चार्जिंगला लावून खेळलं की मोबाईल गंज तापी ऱ्हायना, त्याचं काय?"

खेळता खेळता चार्ज करायला १० वॅट पुरतात. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्त वॅट गेमच्या मुळावर येतात. म्हणून आधी क्षमता बघा, मग वॅट, आणि फास्ट चार्जिंग घेतलंत तरी ते कधी वापरायचं हे ठरवून ठेवा. अमळनेरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळा लागला की काउंटरवर येणारी पोरं डब्यावरचा वॅटचा आकडा आधी वाचतात आणि क्षमतेचा हिशेब करतच नाहीत.

हिशेब सोपा आहे. पारोळ्याकडच्या दोन भावांसाठी मी तो केला होता, तोच सांगतो. दोघांचे मोबाईल ५००० एमएएचचे, दोघं बीजीएमआय खेळणारे. रविवारी त्यांची मॅच, आणि त्याच दिवशी देखभालीसाठी दिवसभर लाइट बंद राहणार असं गावात सांगून गेलेले. मी त्यांना म्हटलं, आधी घरी जाऊन चार्जर न लावता तासभर खेळा, ब्राइटनेस आणि नेट रोजच्यासारखंच ठेवा, आणि किती टक्के उतरले ते सांगा. उत्तर आलं, साधारण २४ टक्के.

५००० एमएएचच्या बॅटरीत अंदाजे १९ वॅट-तास वीज मावते. त्यातले २४ टक्के म्हणजे साडेचार वॅट-तास, म्हणजे गेम चालू असताना त्यांचा मोबाईल साडेचार वॅटच्या आसपास खातो. सहा तास खेळायचं तर २७-२८ वॅट-तास लागणार. मोबाईल शंभरवरून वीस टक्क्यांपर्यंत उतरू दिला तर त्यातले १५ त्याच्या स्वतःच्या बॅटरीतून निघतात. उरलेले १३ पॉवर बँकेतून यायला हवेत. दोघांचे मिळून २६.

आता १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत किती असतं ते बघू. हा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेल ३.७ व्होल्टचे, म्हणजे आत ३७ वॅट-तास. मोबाईलला द्यायला ती ३.७ चे ५ किंवा ९ व्होल्ट करते, त्यात वीज जाते. म्हणूनच मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून वेगळा आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा ५८०० ते ६५०० च्या दरम्यान. ५८०० गुणिले ५ व्होल्ट म्हणजे २९ वॅट-तास बाहेर पडतात. त्यातलेही सगळे बॅटरीत पोचत नाहीत, थोडे केबलमध्ये आणि मोबाईलच्या आत जातात. हातात पडतात २५ च्या आसपास. म्हणजे १०,००० ची पॉवर बँक ५००० चा मोबाईल दोनदा भरत नाही. एकदा पूर्ण भरते आणि वर तीसेक टक्के देते.

एकटा खेळणारा असेल तर एवढ्यात सगळा दिवस आरामात निघतो आणि मी त्याला २०,००० ची घेऊ देत नाही. वजन जवळजवळ दुप्पट, भरायला वेळ दुप्पट, फायदा काही नाही. या दोघांना मात्र २६ हवे होते आणि नव्या कोऱ्या १०,००० मधून मिळणार २५. वर्षभराने सेल थोडे थकले की त्याहून कमी. त्यांना २०,००० ची दिली.

घेताना मागची रेटेड कपॅसिटी वाचाच, आणि ती छापलेलीच नसेल तर वस्तू खाली ठेवा. बाजारात पाचशे रुपयांत ५०,००० एमएएच लिहिलेल्या पेट्या मिळतात. त्या ओळखायला किराणा दुकानाचा काटा पुरतो. सेलमध्ये एवढी वीज साठवायची तर तेवढं वजन लागतंच, त्यात लबाडी चालत नाही. १०,००० ची खरी पॉवर बँक १८० ते २२० ग्रॅम भरते आणि २०,००० ची साडेतीनशे-चारशेच्या घरात. २०,००० लिहिलेली पेटी काट्यावर दीडशे ग्रॅम भरली तर आकडा खोटा आहे. बीआयएसच्या चिन्हाखालचा 'आर'ने सुरू होणारा नंबरही 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघता येतो.

आता तापण्याचं. गेम जेवढी वीज खातो तेवढी सगळी शेवटी उष्णताच होते, म्हणजे साडेचार वॅट उष्णता मोबाईलमधून सतत बाहेर पडायलाच हवी. त्यात फास्ट चार्जिंग लावलं की १८-२० वॅट आत येतात. मोबाईल ९ व्होल्ट उतरवून बॅटरीला चालतील असे करतो. या उतरवण्यात आणि बॅटरी भरण्यात साधारण दहा टक्के वीज आतच उष्णता होऊन राहते. म्हणजे आणखी दीड-दोन वॅट, तेही तुमच्या बोटांखाली. साडेचारचे सहा-साडेसहा झाले. पुण्यातल्या थंड खोलीत ते खपून जाईल. आपल्याकडे बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याच्या खोलीत ४० च्या वर हवा असते. उष्णता जायची कुठे? बॅटरी चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे गेली की मोबाईल स्वतःला वाचवायला लागतो. आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंगचा वेग पडतो, मग प्रोसेसर हळू चालतो आणि गेम अडखळतो.

केबलला लावायचा छोटा यूएसबी मीटर दुकानात असतो, त्यावर हे स्पष्ट दिसतं. खेळायला सुरुवात केली की तो ९ व्होल्ट आणि दोन अँपिअर दाखवतो. थोडा वेळ गेला की व्होल्ट तेच राहतात आणि अँपिअर हळूहळू खाली येतात. मोबाईल हाताला चटका द्यायला लागेपर्यंत मीटरवर ७-८ वॅटच उरलेले असतात. पैसे वीस वॅटचे दिले, तापून घेतलं, आणि शेवटी मिळाले आठ. तोच मोबाईल पहिल्यापासून ५ व्होल्ट, २ अँपिअरवर लावला तर १० वॅट येतात. साडेचार गेम खातो, उरलेले बॅटरीत जातात, आणि चार्जिंगची उष्णता एक वॅटच्या आतच राहते. टक्के हळू चढतात, पण चढतात, आणि गेम अडखळत नाही.

वेग कमी करायची खात्रीची जागा म्हणजे मोबाईलची सेटिंग. बऱ्याच मोबाईलमध्ये बॅटरीच्या पानावर फास्ट चार्जिंग बंद करता येतं. साधी केबल लावली म्हणजे ५ व्होल्टच येतील असं नाही, तिच्यातूनही ९ व्होल्टची बोलणी होऊ शकते. काही मोबाईलमध्ये बायपास चार्जिंगची सोय आहे, सॅमसंगच्या गेम बूस्टरमध्ये ती Pause USB Power Delivery या नावाने दिसते. ती चालू केली की वीज बॅटरीत न जाता थेट गेमला मिळते आणि चार्जिंगमुळे बॅटरी तापायचं कारण उरत नाही. मात्र सॅमसंगमध्ये त्यासाठी पीडी पद्धतीची वीज लागते आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर हवी. तुमच्या मोबाईलमध्ये ही सोय असेल तर पॉवर बँकेवर 'पीडी' आणि 'पीपीएस' दोन्ही लिहिलेलं बघून घ्या.

मग वॅट घ्यायचेच कशाला? दोन मॅचच्या मधल्या वेळेसाठी. गेम बंद, स्क्रीन बंद, कव्हर काढलेलं, अशा वेळी २० वॅट अर्ध्या तासात चांगली भर घालतात. डब्यावरच्या २२.५ ला मात्र भुलू नका. बहुतेक वेळा तो वेग विशिष्ट कंपनीच्या पद्धतीचा असतो आणि बाकीच्यांना पीडीचे २० किंवा १८ मिळतात. मोबाईलसोबत ८० वॅटचा चार्जर आला असेल तरी ते ८० त्या कंपनीच्या चार्जरवर आणि केबलवरच मिळतात. त्यासाठी ६५ वॅटची पॉवर बँक घेणाऱ्यांचे पैसे बहुधा वाया जातात.

दोन भावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपोआप जुळून आली. बहुतेक पॉवर बँकांना दोन मोबाईल एकदम लावले की फास्ट चार्जिंग बंद पडतं आणि दोन्हीकडे ५ व्होल्टच जातात. लोक हे बिघाड समजून परत घेऊन येतात. खेळताना हेच हवं असतं.

पॉवर बँकही तापते, हे लक्षात असू द्या. एक मीटरची केबल घ्या आणि ती फरशीवर मोकळी ठेवा. गादीवर, उशीखाली किंवा मोबाईलच्या पाठीला चिकटवून नाही. पाठीला चिकटणाऱ्या वायरलेस पॉवर बँका खेळण्यासाठी मी विकतच नाही, त्यांची बरीचशी उष्णता नेमकी बॅटरीवर जाते. धाब्याचं घर असेल तर तिथेच बसा, पत्र्याच्या खोलीपेक्षा ते पुष्कळ थंड. गाडीच्या डिकीत पॉवर बँक उन्हात सोडू नका. कडा फुगलेली दिसली तर तिला पुन्हा चार्जिंगला लावू नका.

शेवटचा आकडा कोणीच विचारत नाही, तो म्हणजे इनपुटचा. २०,००० ची पॉवर बँक १८ वॅटने भरायला पाच-सहा तास घेते, ५ व्होल्ट २ अँपिअरने भरायची तर नऊ-दहा. आदल्या रात्री लाइट येऊन-जाऊन असेल तर हा फरक सकाळी कळतो. त्या दोघांना मी टाइप-सी इनपुट १८ वॅटचं असलेली दिली आणि सांगितलं, शनिवारी रात्री हवा थंड झाल्यावर लावा, आणि ती भरत असताना तिच्यावर मोबाईल लावू नका.